मागच्या दारातले देव

आमच्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्याकडे जाणारा एक लोखंडी दरवाजा होता, आणि त्याच्यासमोर देव बसलेले होते. टेबलावर लाकडाचं छोटं देऊळ, त्यात गणपती, शेजारी साईबाबा, आणि जरा बाजूला बुद्धांचा फोटो. गणपती माझ्या आईने आणलेला. फोटो तिच्याच टेबलावर बसणाऱ्या मावशींनी आणलेला. त्या बुलढाण्याकडच्या, आम्ही मालवणकडचे. दोघी सकाळी आल्या की आधी देवांसमोर अगरबत्ती लावायच्या, मग कात्री हातात घ्यायच्या.

दरवाजाला कुलूप होतं. ते कधीपासून होतं हे कुणाला सांगता आलं नसतं. देव तिथे का बसवले, तर ती जागा रिकामी होती म्हणून. कुणी येत नाही, जात नाही, पाय लागत नाही. देवाला आणखी काय लागतं?

कंपनी कपड्यांची, साकीनाक्याच्या पुढे, अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. माल परदेशात जातो. तिसऱ्या मजल्यावर फिनिशिंग: शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते धागे कापायचे, तपासायचे, इस्त्री करायची, पिशवीत घालून खोक्यात भरायचे. आई धागे कापते. मी त्याच मजल्यावर शर्ट तपासते. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मीच, आणि हे मी कुणीही न विचारता सांगते. लोक हसतात, हसू देत. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर वरच्या अंगाला आमचं घर आहे. तिथून रोज उतरून कामाला जायचं आणि संध्याकाळी कॉलेजला बसायचं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल मी का सांगते ते.

या पदवीमुळेच मी प्रथमोपचार शिकले. कायद्याने प्रथमोपचाराची पेटी ज्याच्या ताब्यात असते त्याने तसं शिक्षण घेतलेलं असावं लागतं. मॅनेजर साहेबांना कुणाला तरी पाठवायचं होतं. ते म्हणाले, "तू ग्रॅज्युएट ना? तू जा." मी गेले, शिकले, सर्टिफिकेट घेऊन आले. पेटी मात्र ऑफिसातल्या कपाटातच राहिली. कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांकडे. आमच्याकडे कुलपांचा शौकच होता.

मग एका दुपारी इस्त्रीवाल्या काकांच्या हातावर वाफ आली. नळीचा जोड सुटला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली. ते ओरडले नाहीत, नुसते खाली बसले. सगळ्यात आधी पुढे झाली ती आई, पिशवीतून टूथपेस्ट काढून. आमच्याकडे भाजलं की टूथपेस्ट. लहानपणी मलाही तीच लावलेली.

"आई, थांब. पेस्ट नको."

"मगे काय, तसाच ठेवू? आग होता त्याका."

"पाणी. नळाखाली धरायचं."

मी काकांना नळाशी नेलं आणि हात वाहत्या पाण्याखाली धरून ठेवला, बराच वेळ, ते "झालं गं, झालं" म्हणत असतानाही. तोवर एकजण साहेबांना शोधायला गेला. साहेब खाली ट्रकपाशी होते. पेटी आली तेव्हा काकांचा हात पाण्याने गारठून गेला होता. पेटीत कापूस, पट्ट्या, मलम यांच्या जोडीला कुणाची तरी चहा पावडर होती, एक मोबाइलचा चार्जर आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. भाजल्यावर लावायची निर्जंतुक पट्टी तेवढी नव्हती. स्वच्छ ओलं कापड सैल गुंडाळून आम्ही त्यांना दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, पाण्याखाली कुणी धरलं, बरं केलं.

आई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. सगळ्यांसमोर तिची टूथपेस्ट अडवली म्हणून. पण बुलढाण्याच्या मावशींना ती माझ्याबद्दल सांगताना मी ऐकलं, "डॉक्टरान नाव काढला होता माझ्या चेडवाचा."

कामगारांची संख्या वाढली तशी कंपनीला सुरक्षा समिती बसवावी लागली होती. तिच्यात कामगारांची माणसं मालकाच्या माणसांपेक्षा कमी चालत नाहीत. आधी आमच्या बाजूने कोण बसत होतं हे कुणाला माहीत नव्हतं, बहुतेक त्यांनाही नसावं. काकांच्या प्रकारानंतर आम्ही साहेबांना म्हटलं, आमची माणसं आम्ही निवडू. मजल्यावर हात वर करून निवड झाली. इस्त्रीवाले काका निवडून आले, पट्टी बांधलेलाच हात वर करून. आणि मी. पहिल्या मीटिंगमध्ये पेटी कपाटातून निघाली. प्रत्येक मजल्यावर भिंतीला एकेक, कुलपाशिवाय, आत जे असायला हवं तेच, आणि खाली ती ज्याच्या ताब्यात आहे त्याचं नाव. आमच्या मजल्यावर माझं नाव लागलं. आईने ते येताजाता वाचलं. तिला अक्षरं जोडायला वेळ लागतो, तरी वाचलं.

दुसरं ठरलं ते आगीच्या सरावाचं. भोंगा वाजला की काम सोडून जिन्याने खाली उतरायचं, गेटपाशी जमायचं, तिथे मोजणी.

सराव झाला. भोंगा वाजला, लोक हसत-खिदळत पुढच्या जिन्याने उतरले, कुणी मशीनवरची चहाची कपबशी हातात घेऊनच. मी पहिल्या मजल्यावर जिन्यात उभी होते, गर्दी होऊ नये म्हणून. सगळे गेले तशी मीही खाली गेले. गेटपाशी आमच्या मजल्याच्या सुपरवायझरने मोजलं आणि साहेबांना सांगितलं, "फिनिशिंग पूर्ण. मावशींना धरून."

मी म्हटलं, "कुठल्या मावशी?"

"तुझी आई गं. वर आहे. म्हटलं पाय दुखतात त्यांचे, सराव तर आहे, बसा तुम्ही. धरलंय मी त्यांना मोजणीत."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या काचेतून काही दिसत नव्हतं. मी परत जिना चढले. आई तिच्या टेबलावर बसून धागे कापत होती. पूर्ण मजला रिकामा, पंखे बंद, आणि ती एकटी. तिच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर देव, आणि देवांच्या मागे तो दरवाजा.

"झाला तुमचा नाटक?" तिने विचारलं.

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

"काय झाला गो?"

"काही नाही. दम लागला."

मला तेव्हा कळलं की रोज सगळे गेल्यावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारी माझी आई आग लागली तर या इमारतीतून वेळेत बाहेर निघू शकणार नाही, आणि ते सगळ्यांना इतकं सरळ वाटतं की तिला धरून चालतात.

पुढची मीटिंग तीन महिन्यांनी होती. मी थांबले नाही. जिवाला धोका आहे असं वाटलं तर कामगार तसं मालकाला सांगू शकतो, स्वतः किंवा समितीतल्या माणसाकडून, आणि मालकाने त्यावर लगेच काही करायला हवं. हे मला माहीत होतं. मी समितीतलीच होते. काकांना घेऊन साहेबांकडे गेले आणि समिती बोलवा म्हटलं. दोन दिवसांत बोलावली. साहेब वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. डोंबिवलीहून येतात, वेळेवर येतात, आणि कुणाचा आवाज चढला की खिडकीकडे बघतात.

"मागचा दरवाजा उघडा करायचा," मी म्हटलं.

"तिथून माल चोरीला गेलेला आहे पूर्वी. शर्टांची गठडी जिन्यातून खाली टाकायचे. म्हणून कुलूप."

"आत माणसं असताना बाहेर पडायच्या दाराला कुलूप चालत नाही, साहेब. आतून, किल्लीशिवाय, हाताने लगेच उघडायला पाहिजे."

"किल्ली सुपरवायझरकडे आहे."

काका म्हणाले, "पेटीची पण किल्ली होती तुमच्याकडे." आणि हात टेबलावर ठेवला. पट्टी सुटली होती, पण कातडीचा रंग अजून वेगळा होता.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांना उत्तर सापडलं.

"मी कुलूप काढतो. पण देवांचं काय? मी देवांना हात लावणार नाही. देव मी बसवले नाहीत, तुमच्या लोकांनी बसवले. उद्या तुमच्याच बायका माझ्या नावाने ओरडतील. आधी त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या की मी दुसऱ्या दिवशी दार उघडतो."

म्हणजे सगळं येऊन आईवर थांबलं.

रविवारी ती घरी बांगडे साफ करत बसली होती, विळी पायाखाली धरून. मी समोर बसले आणि विचारलं.

"देवांक हात लावूचो नाय," ती म्हणाली.

"आई, त्यांच्या मागे बाहेर जायचा रस्ता आहे. तुझ्या टेबलाला लागून."

"देव असत थंय. आग कशी लागात?"

"देव आहेत म्हणून तू अगरबत्ती लावतेस. कपड्यांच्या ढिगाशेजारी."

तिने बांगड्याचं डोकं उडवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुका देवांचा पडलेला नाय. तुका माझ्या पायांचा पडलेला हा."

"हो."

"तू मीटिंगमध्ये माझ्या पायांचा नाव काढलंस?"

"नाही काढलं."

"काढू नको." आता ती मालवणी सोडून साधं बोलायला लागली, हळू. "दार उघडलं की विचारतील कुणासाठी उघडलं. मग लिहितील, हिला उतरता येत नाही. मग म्हणतील, बाई, घरी बसा. शिलाईवरच्या त्या बाईचं काय झालं, बघितलंस ना? डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं तिने, परत घेतलंच नाही. मी काय म्हातारी झालंय?"

मला इतके दिवस वाटत होतं की तिला धोका कळत नाही. तिला कळत होता. तिने दोन धोके समोर ठेवून त्यातला लांबचा पत्करला होता. आग लागेल तेव्हा लागेल. काम रोज जाऊ शकतं.

"आणि उद्या लागलीच तर?" मी विचारलं.

"तर तू जा खाली. शिकलेली आहेस."

मी उठून मोरीत गेले, तोंड धुतलं, परत येऊन बसले. तिने एक बांगडा माझ्याकडे सरकवला. धू म्हणून.

सोमवारी मी साहेबांना म्हटलं, आणखी एक गोष्ट समितीच्या वृत्तान्तात लिहायची आहे, देव हलवायच्या आधी. ज्याला जिना उतरायला वेळ लागतो त्याने आपलं नाव सांगावं. त्याच्यासोबत शेजारच्या टेबलावरची दोन माणसं ठरवून ठेवायची, आणि त्याची जागा दाराजवळ. आणि नाव सांगितलं म्हणून कुणाला कामावरून काढणार नाही, की हलक्या कामावर टाकणार नाही.

"हे कशाला लिहायचं? मी काढतो का कुणाला?"

"नाही काढत. म्हणूनच लिहायला काय जातं?"

काका म्हणाले, "साहेब, लिहा. नाहीतर कोण सांगणार नाही, आणि तुम्ही परत मोजणीत धरून चालणार. खरी आग असेल त्या दिवशी धरलेल्या माणसाचं तुम्ही काय सांगणार आहात?"

"धमकी देताय का?"

"नाही हो," मी म्हटलं. "धोका दिसला तर सरकारी निरीक्षकांना कळवायचाही आम्हाला हक्क आहे. ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. मी तुमच्याकडेच आलेय. घरातलं घरात होत असेल तर कशाला जाऊ?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. मग त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. आमच्या बाजूच्यांच्याही सह्या झाल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मजल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवलं, सुपरवायझरनेच.

आधी पॅकिंगमधली एक मुलगी उभी राहिली. तिला सातवा महिना होता. ती म्हणाली, "माझं लिहा." मग तपासणीतला एक जण, ज्याच्या पायात लहानपणापासून पोलिओ आहे. आमच्यासोबत इतकी वर्षं काम करतो आणि जिन्यावर तो नेहमी सगळ्यांच्या मागे असतो हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग बुलढाण्याच्या मावशी.

आई त्यांच्याकडे वळली. "तुला काय झालं?"

"मले? मले दमा हाय. जिना उतरून धाप लागते."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू तरी कधी सांगितलं पायाचं? तुझं तर सगळ्या मजल्याले माहीत हाय. तुलेच वाटते लपलं."

टेबलावरच्या बाया हसल्या. आई लाजली, रागावली, आणि डब्याचं झाकण लावत सुपरवायझरला म्हणाली, "लिहा. पण पाय असा लिहा. म्हातारी असा लिहू नका."

"मग आता देव, मावशी?" सुपरवायझरने विचारलं.

आमच्या मजल्यावर एकदम पंचायत बसली. कुणी म्हणालं, अमावस्या जाऊ दे. कुणी म्हणालं, गुरुवार बघा, कुणी म्हणालं, भटजी बोलवा. बुलढाण्याच्या मावशी म्हणाल्या, "आमच्या फोटोले कुठलाबी दिवस चालते." आई सगळं ऐकून घेत होती. मी डबा आवरायला घेतला. मला बोलायचं फार होतं.

शेवटी ती म्हणाली, "दिवाळीच्या साफसफाईला हलवतो ना दरवर्षी? तेव्हा कोण मुहूर्त बघतं? आजपण साफसफाई समजा."

आणि ती उठली. गणपती तिने स्वतः उचलला, पदराने पुसला. फोटो मावशींनी घेतला. साईबाबा कुणी घ्यायचे यावर दोन मुलींचं थोडं भांडण झालं. पाण्याच्या टाकीजवळच्या खांबाला इलेक्ट्रिशियनने फळी ठोकून दिली. अगरबत्ती बंद. त्याऐवजी सेलवर चालणारी पणती. आईला ती आवडली नाही. "ही काय देवाची, ही खेळण्यातली," म्हणाली. तरी रोज ती सगळ्यात आधी बटण दाबते.

कुलूप त्याच संध्याकाळी निघालं. पुढच्या काही दिवसांत दाराला आडवी दांडी बसली, आतून ढकलली की उघडणारी, बाहेरून न उघडणारी. उघडलं की कानठळ्या बसतील असा बझर वाजतो, म्हणजे शर्टांची गठडी घेऊन कुणी गुपचूप जाऊ शकत नाही. साहेब त्यावर खूश होते. सगळ्यांना स्वतः ढकलून दाखवत होते. जिन्यातली जुनी खोकी, मोडक्या खुर्च्या, एक गंजलेलं शिलाई मशीन, सगळं निघालं. जिन्यात दिवे लागले. मी आईला म्हटलं, एकदा ढकलून बघ. ती म्हणाली, "कशाक उगीच वाजवू?"

मग दुसरा सराव. कुणाला दिवस सांगितला नव्हता, मलाही नाही.

भोंगा वाजला. मी जिथे होते तिथून, मजल्याच्या दुसऱ्या टोकाकडून, मला माझ्या ठरलेल्या पुढच्या जिन्याकडेच जायचं होतं. आईसोबत दोन मुली ठरलेल्या होत्या आणि मी त्यांच्यात नव्हते. हे मीच समितीत मान्य केलं होतं, कारण प्रत्येकाने आपापल्या माणसाकडे पळायला सुरुवात केली तर जिन्यात चेंगराचेंगरी होते. तेव्हा मान्य करणं सोपं होतं. आता मी तिच्याकडे पाठ करून जिना उतरत होते. मागे बझर वाजला आणि वाजत राहिला. म्हणजे दार उघडलं होतं. एवढंच मला कळलं.

गेटपाशी पुढच्या जिन्याचे लोक जमले. मागच्या जिन्याचे इमारतीला वळसा घालून येतात. आधी तो पोलिओवाला आला. मग पॅकिंगमधली मुलगी, दोघींच्या मध्ये, पोटावर हात ठेवून. मग बुलढाण्याच्या मावशी, धापा टाकत, हसत. सुपरवायझर या वेळी एकेकाचं तोंड बघून यादीवर खूण करत होता. आईच्या नावापाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्याकडे बघत होते.

ती आली. एका मुलीने तिचा दंड धरला होता, दुसरी पुढे चालत होती. आईची चप्पल हातात होती. चेहरा घामाने भिजलेला आणि केसांची पिन सुटलेली. मी पुढे झाले तर तिने हातानेच सांगितलं, थांब. सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली आणि तो खूण करेपर्यंत तिथून हलली नाही.

मग माझ्याकडे आली. गेटच्या कट्ट्यावर बसली, चप्पल घातली. मी पाण्याची बाटली दिली. ती अर्धी प्यायली, अर्धी तोंडावर मारली.

"दुखलं का?" मी विचारलं.

"दुखतला नाय तर काय." तिने गुडघा चोळला. मग इमारतीच्या मागच्या बाजूकडे बोट करून म्हणाली, "त्या जिन्याक धरूचो दांडो एकाच बाजूक हा. भिंतीच्या बाजूक कायच धरूक नाय. उतरताना माझो हो हात रिकामो. पुढच्या मीटिंगेक सांग."

"सांगते."

"नुसता सांगू नको. लिहून घे त्यांच्याकडसून." आणि शेजारी टेकलेल्या मावशींकडे वळून, मला ऐकू जाईल अशी, "तुका पण लागात गो दांडो. तुझा पण सांगतली ती."